सविस्तर चर्चा झाली

माझं अक्षर चांगलं आहे. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, तक्रार म्हणून सांगतो. ज्याचं अक्षर वाईट त्याला आयुष्यात कुणी त्रास देत नाही. चांगल्या अक्षराच्या माणसाला मात्र आहेराच्या याद्यांपासून सोसायटीच्या ‘पाणी येणार नाही’ या पाटीपर्यंत सगळं लिहावं लागतं. त्यात मी बँकेत कारकून. बी.कॉम. झालेला आणि बँकेत बसणारा माणूस कुठलाही कागद सरळ करू शकतो, अशी आमच्या सासुरवाडीची समजूत आहे. माझ्या स्वतःच्या पासबुकाकडे पाहिलं तर ती टिकणार नाही, पण पासबुक कुणी पाहत नाही.

२०२३ सालच्या दोन ऑक्टोबरला सोमवार आला. रविवार धरून दोन दिवसांची सुटी होती, म्हणून आम्ही सासुरवाडीला गेलो. सातारा जिल्ह्यातलं लहानसं गाव. माझी धाकटी मेहुणी तिथल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. दोन ऑक्टोबरला गावोगाव ग्रामसभा असते. ग्रामसेवकांकडे दोन गावं, आणि दुसऱ्या गावातही त्याच दिवशी त्याच वेळी सभा. (पुढच्या वर्षी सरकारने त्या पदाचं नाव ‘ग्रामपंचायत अधिकारी’ केलं. गाव अजून ग्रामसेवकच म्हणतं.) ग्रामसेवक नसतील तर सरपंचांनी सांगितलेल्या, गावात काम करणाऱ्या सरकारी किंवा निमसरकारी माणसाने सभेचं कामकाज टिपायचं असतं. म्हणजे शिक्षक, तलाठी, अंगणवाडी सेविका. तलाठी तालुक्याला होते, अंगणवाडी सेविका बाळंतपणाच्या रजेवर. उरल्या बाई.

मी सभेला नुसता बघायला गेलो होतो. संध्याकाळी मेहुणीने एक वही माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, “दाजी, एवढं जरा नीट करून द्या ना. गुरुवारपर्यंत पंचायत समितीत नक्कल गेली पाहिजे.”

“एवढं” म्हणजे चौथीच्या वर्गाच्या वहीची मागची अकरा पानं. पुढच्या बाजूने बेडकाचं जीवनचक्र होतं आणि मागच्या बाजूने ग्रामसभा. दोन्ही मध्यावर भेटत होते. पहिलं पान असं होतं :

“११ ची. लोक नाहीत. ११.५० सुरू. स. अध्यक्ष. मागचं वाचलं. आक्का – पाइपचं काय झालं. स. गप्प. तात्या – खाली बस. आक्का – का बसू. कुत्री. चहा.”

तिचा दोष नव्हता. एकाच वेळी चाळीस माणसं बोलत असताना कुणीही असंच लिहील. आणि खरं सांगायचं तर सभेचं इतकं हुबेहूब वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही. पण पंचायत समितीला हुबेहूब चालत नाही, तिला इतिवृत्त लागतं. इतिवृत्त म्हणजे कोण काय बोललं ते नव्हे. कोणता विषय होता, काय ठरलं, कुणी सुचवलं, कुणी अनुमोदन दिलं आणि किती जणांनी हात वर केले, एवढंच.

पहिली अडचण अशी की विषयपत्रिकेवर पाच विषय होते आणि सभेने ते पाचही एकदम घेतले होते. आराखड्यात जमाखर्च, जमाखर्चात पथदिवे, आणि कुत्री तर प्रत्येक पानावर. (भटकी कुत्री हा ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय’ यातला विषय होता, पण कुत्री कुणाच्या परवानगीसाठी थांबत नाहीत.) मी अकरा पानांची झेरॉक्स काढून आणली, कारण मूळ टिपणाला कात्री लावायची नसते. मूळ वही कपाटात ठेवली. झेरॉक्सवरच्या एकेका वाक्याला क्रमांक दिला, एक ते चौसष्ट. मग पट्ट्या कापल्या, सतरंजीवर पाच विषयांच्या पाच चिठ्ठ्या मांडल्या आणि ज्याची पट्टी त्याच्याखाली लावत बसलो. तासाभरात सभा इतकी शिस्तीत आली की सरपंचांनी पाहिली असती तर त्यांना गहिवरून आलं असतं.

तेवढ्यात बायको आत आली, “किती उकडतंय!” म्हणाली आणि तिने पंखा लावला.

व्हाउचरला नंबर टाकल्याशिवाय हात लावायचा नाही, ही बँकेने वीस वर्षांत लावलेली एकमेव चांगली सवय त्या क्षणी फळाला आली. नाहीतर पथदिव्यांचा खर्च कुत्र्यांवर पडला असता. पुन्हा जुळवल्या तेव्हा त्रेसष्ट पट्ट्या निघाल्या. सात नंबरची नव्हती. ती शेवटी मेहुणीच्या धाकट्याच्या तळपायाला चिकटलेली सापडली. तीवर दोनच शब्द होते : “स. गप्प.” तिच्याकडे मी पुढे येतो.

आधी हजेरी. ग्रामसभेला गणपूर्ती लागते : एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांतला जो आकडा कमी असेल तो. गावात मतदार ११४०. पंधरा टक्के म्हणजे १७१, म्हणून शंभर पुरे. हजेरीच्या रजिस्टरात नोंदी १०६ होत्या. मेहुणी म्हणाली, “झालं की, दाजी. सहा जास्तच आहेत.” पण ज्याने आयुष्यभर रोख शिल्लक जुळवली त्याला सहा जास्त म्हटलं की घाम फुटतो. आम्ही मतदारयादी घेऊन बसलो. दोघांनी दोनदा सह्या केल्या होत्या, एकदा येताना आणि एकदा चहानंतर. एक सही जांभळ्या स्केचपेनने केलेली, तिच्याखाली फूल. तो चौथीतला विद्यार्थी निघाला. राहिलेल्यांत एक सही फार सुबक आणि ओळखीची वाटली. ती माझी होती. रजिस्टर समोर आलं की सही करायची, हाही बँकेचाच संस्कार. मी त्या गावचा मतदार नाही, तिथे मला बसायला दिलेली खुर्चीसुद्धा शाळेची होती.

मेहुणी खोडरबर शोधायला लागली. मी म्हटलं, “अगं, थांब. हजेरीतलं काही खोडायचं नाही. दुसऱ्याच्या सहीवर तर नाहीच नाही.” इतिवृत्तात आम्ही सरळ लिहिलं : एकूण नोंदी १०६, पैकी दुबार २, मतदार नसलेले २, ग्राह्य उपस्थिती १०२. सभा ११ वाजता बोलावली होती, गणपूर्ती ११.५० ला झाली आणि तेव्हा कामकाज सुरू झालं. ‘ठीक ११ वाजता सुरू झाली’ असं लिहायची पद्धत आहे, हे मला ठाऊक आहे. पण पहिली पन्नास मिनिटं आम्ही काही जण पारावर बसून शेंगा खात होतो, आणि टरफलं अजून तिथेच होती.

मग आला ‘स’. मेहुणीने वेळ वाचावा म्हणून संक्षेप केले होते. ‘स.’ म्हणजे सरपंच, ‘स.’ म्हणजे सदस्य, ‘स.’ म्हणजे सभा आणि ‘स.’ म्हणजे सर्वानुमते. सातव्या पानावर वाक्य होतं : “स. म्हणाले स. नको, स. ने स. ला विचारा, स. मंजूर.” या वाक्याचे अर्थ आम्ही तासभर लावत होतो. गीतेवर इतकी भाष्यं का झाली असतील, ते मला त्या दिवशी समजलं. शेवटी कोपऱ्यातल्या काड्यांनी सोडवलं. हात मोजताना तिने पाच-पाच काड्या ओढल्या होत्या : बाजूने ६१, विरुद्ध २३. १०२ तून ते वजा जाता १८ तटस्थ. तेव्हा तो शेवटचा ‘स.’ काही केल्या सर्वानुमते होऊ शकत नव्हता. लिहिलं, ‘बहुमताने मंजूर’, आणि तिन्ही आकडे दिले.

हा ठराव कशाचा, तर पुढच्या वर्षीच्या आराखड्याचा. खालच्या वस्तीतली पाण्याची पाइपलाइन जुनी झालेली, उन्हाळ्यात चार-चार दिवस नळाला पाणी नाही. आणि वर देवळापुढे पेव्हर ब्लॉक बसवायचे, ही सरपंचांची हौस. वित्त आयोगाचा पैसा दोन खिशांतून येतो. पंधराव्या आयोगाचे साठ टक्के ‘बंधित’, म्हणजे निम्मे पिण्याच्या पाण्याला आणि निम्मे स्वच्छतेला, दुसरीकडे वळवायचे नाहीत. चाळीस टक्के ‘अबंधित’, म्हणजे गावाच्या इतर गरजांसाठी. आणि टिपणात, अठ्ठेचाळीस नंबरच्या पट्टीवर, लिहिलं होतं : “आधी पाइप – बंधित, उरलं तर फरशी.” ‘बंधित’च्या आधी चहाचा एक थेंब. त्या थेंबाखाली ‘अ’ आहे की नुसताच थेंब आहे, ते कळेना.

वाचकहो, अक्षर एक, पण त्यावर अख्खी वस्ती आणि अख्खं देऊळ टांगलेलं. मी माझी वाणिज्य शाखेची अक्कल चालवली. म्हटलं, बंधित पैसा उरला तरी तो फरशीला लावता येणारच नाही. ‘उरलं तर फरशी’ असं ज्या अर्थी ठरलं त्या अर्थी पैसा अबंधितच असला पाहिजे. म्हणून थेंबाखाली ‘अ’ आहे. मेहुणी थक्क झाली. मीही थोडा झालो. मी ‘अबंधित’ लिहिणार, तेवढ्यात ती म्हणाली, “पण आपण अंदाजाने कशाला लिहायचं? ज्यांनी ठराव मांडला त्यांनाच विचारू ना.” बँकेतल्या माणसाला एका शिक्षिकेने हे सांगावं!

अनुमोदन देणारे निवृत्त गुरुजी दोन घरं सोडून राहत. आम्ही वही घेऊन गेलो. ते म्हणाले, “दोन्ही आहे त्यात. पाइपचा अंदाज चार लाख वीस हजार. पाण्याचा बंधित वाटा तीन लाख, तो आधी संपवायचा. कमी पडणारे एक लाख वीस हजार अबंधितमधून. अबंधितमध्ये दिव्यांचे जाऊन अडीच लाख राहतात. त्यातून एक वीस गेले की उरले एक लाख तीस हजार. तेवढ्यात जेवढी बसेल तेवढी फरशी.” मी मनात बेरीज केली. जुळली. माझा तर्क बिनतोड होता आणि संपूर्ण चुकीचा होता. मी ‘अबंधित’ लिहून टाकलं असतं तर पाण्याचे तीन लाख बाजूला पडून राहिले असते, पाइपला अडीच लाखच मिळाले असते आणि देवळालाही काही उरलं नसतं. ठरावात आम्ही चारही रकमा आकड्यांत आणि अक्षरांत लिहिल्या. आकड्यातलं शून्य कुणीही वाढवू शकतो, ‘एक लाख तीस हजार फक्त’मधल्या ‘फक्त’च्या पुढे काही जात नाही.

आता सात नंबरची पट्टी.

पहिला विषय नेहमीचाच : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. त्या वेळी खालच्या वस्तीतल्या एक आक्का उभ्या राहिल्या होत्या. सत्तरीच्या असतील. माझ्या समोरच उभ्या होत्या, म्हणून मला त्यांचे शब्दही आठवतात : “गेल्या वर्षी बी ह्येच ठरलं हुतं. पाइपचं काय झालं? बाई, लिवून घ्या.” मग सरपंचांनी वर पत्र्याकडे पाहिलं, लोकांनी सरपंचांकडे पाहिलं, कुठेतरी एक कुत्रं भुंकलं आणि तात्या म्हणाले, “खाली बस.” मेहुणीने प्रामाणिकपणे लिहिलं : “स. गप्प.”

मंगळवारी संध्याकाळी स्वतः सरपंच आले. (त्या दिवसाची मी किरकोळ रजा टाकली होती. कारण ‘घरगुती काम’ लिहिलं. इतिवृत्ताच्या दृष्टीने ते बरोबर नव्हतं.) माणूस वाईट नाही. चहा घेतला, पट्ट्यांचं कौतुक केलं, मला म्हणाले, “पाव्हणं, तुमचं अक्षर म्हंजे छापल्यागत.” मग हळूच म्हणाले, “बाई, ते आक्काचं काय लिवलंय?”

मेहुणीने सांगितलं, अजून लिहायचंय.

“मग आसं करा. ‘याबाबत सविस्तर चर्चा झाली’ आसं लिवा. बास. ग्रामसेवक तसंच लिवतात.”

आणि लिहितात, खोटं नाही. ‘सविस्तर चर्चा झाली’ हे मराठी भाषेतलं सगळ्यात मोठं गोदाम आहे. त्यात भांडणं राहतात, आश्वासनं राहतात, गेल्या वर्षीचे पाइप राहतात, आणि एकदा आत गेलेली वस्तू पुन्हा बाहेर येत नाही. आमच्या शाखेतही ‘बाब विचाराधीन आहे’ नावाची तशीच एक खोली आहे. आत काय काय आहे हे मॅनेजरलाही माहीत नाही.

मेहुणीने माझ्याकडे पाहिलं. मी बुधवारी पुण्याला निघून जाणार होतो. तिला त्याच गावात राहायचं होतं. शाळेचं पत्र्याचं छप्पर गळत होतं आणि त्याचा अर्जही याच सरपंचांकडे पडला होता. मी तिला धीर द्यावा असं तिला वाटत असावं. मी चहाच्या कपात पाहत राहिलो. म्हणजे त्या क्षणी खोलीत आणखी एक ‘गप्प’ होता, आणि त्याची नोंद आजवर कुठे झालेली नाही. ती इथे करतो.

तीच बोलली. म्हणाली, “अण्णा, चर्चा झालीच नाही हो. आक्कांनी विचारलं आणि उत्तर आलं नाही. चर्चा झाली म्हणून लिहिलं तर तुम्ही काय म्हणालात तेही लिहावं लागेल. तुम्ही काय म्हणालात?”

सरपंच पुन्हा वर पाहायला लागले. आमच्याकडे पत्रा नाही, स्लॅब आहे, पण त्यांची सवय.

“मी काय बोल्लोच न्हाई की,” ते म्हणाले.

“मग तेच लिहायचं.”

आता ‘गप्प’ला सरकारी भाषेत काय म्हणतात? इथे मात्र मी कामाला आलो. ‘सरपंच निरुत्तर झाले’ हे नाटकातलं झालं. ‘सरपंचांनी उत्तर देण्याचे टाळले’ यात आपण त्यांच्या मनात शिरतो. टाळलं, की आठवत नव्हतं, की माहीत नव्हतं, हे आपल्याला ठाऊक नाही. दिसलं तेवढंच लिहायचं. चार कागद फाडल्यावर वाक्य उतरलं ते असं : “खालच्या वस्तीतील एका महिला मतदाराने मागील वर्षी मंजूर झालेल्या पाइपलाइनच्या कामाची सद्यःस्थिती विचारली व प्रश्नाची नोंद घेण्याची विनंती केली. सदर माहिती सभेत उपलब्ध झाली नाही.” प्रत्यक्ष इतिवृत्तात ‘एका महिला मतदाराने’ असं नाही, आक्कांचं पूर्ण नाव आहे. इथे मी ते घालत नाही.

सरपंचांनी ते तीन वेळा वाचलं. पंचायतीच्या कामात मुरलेला माणूस, ‘उपलब्ध झाली नाही’ या शब्दांचं वजन त्यांनी हातात धरून पाहिलं. त्यात त्यांना कुठे लागत नव्हतं आणि कुठे सुटकाही नव्हती. बऱ्याच वेळाने म्हणाले, “त्याच्याफुडं लिवा : ‘माहिती पुढील सभेत सादर करण्याचे अध्यक्षांनी मान्य केले.’”

मी पेन उचललं. मेहुणी म्हणाली, “पण हे सभेत कुठे मान्य केलंत, अण्णा? हे तर आत्ता आमच्या ओटीवर मान्य केलंत.”

सरपंच मोठ्यांदा हसले. मला वाटतं, त्या दिवसात पहिल्यांदाच. म्हणाले, “बाई, पोरांना बी आसंच धरता का?” आणि ते वाक्य इतिवृत्तात गेलं नाही. त्याऐवजी ते दुसऱ्या दिवशी सकाळी आक्कांच्या दारात गेले आणि तिथे काय झालं ते कुणी टिपलं नाही.

रात्री मेहुणीने कार्यवृत्ताच्या नोंदवहीत सगळं स्वतःच्या हाताने उतरवलं. पानांना क्रमांक छापलेले होतेच. मी शेजारी बसून सांगत होतो : “दोन ठरावांमध्ये ओळ मोकळी सोडू नकोस. पान अर्धं राहिलं तर खालपर्यंत तिरकी रेघ मार. चुकलं तर गिरवायचं नाही, एकच आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी, आणि बाजूला सही.” एका ठिकाणी चूक झाली : ठरावाच्या सूचकाच्या जागी अनुमोदकाचं नाव पडलं. तिने रेघ मारली, बाजूला सही केली आणि हळहळली, “शेवटच्या पानावर डाग पडला.” मी म्हटलं, “अगं, हा डाग नाही. डाग पडला असता तो पान फाडलं असतं तर.” माझ्या चांगल्या अक्षराचा एकही शब्द त्या नोंदवहीत नाही. कामकाज जिने टिपलं तिच्याच अक्षरात ते असायला हवं होतं. तिचं अक्षर थोडं उजवीकडे कललेलं आहे, पण वाचता येतं.

चौथीची वही आम्ही टाकली नाही. चहाचा थेंब, काड्या आणि ‘स. गप्प’ यांच्यासह ती एका पाकिटात घालून मेहुणीने शाळेच्या कपाटात ठेवली. बेडकाचं जीवनचक्र मात्र मुलांना नव्या वहीत पुन्हा काढावं लागलं.

पुढची ग्रामसभा सव्वीस जानेवारीला झाली, २०२४ ची. त्या वेळी ग्रामसेवक होते. दुपारी मेहुणीचा फोन आला.

“दाजी, मागचं वाचून दाखवलं आज. अगदी शब्द न् शब्द.”

“मग?”

“‘माहिती उपलब्ध झाली नाही’ हे वाक्य आलं आणि आक्का उभ्या राहिल्या. म्हणाल्या, आता झाली का?”

“सरपंच काय म्हणाले?”

“बोलले! गेल्या वर्षीचा प्रस्ताव अंदाजपत्रकाची सही राहिली म्हणून परत आला होता, आणि ते यांना दिवाळीतच कळलं म्हणे. आता पुन्हा पाठवलाय. पावतीसुद्धा दाखवली, जावक क्रमांकासकट.”

“आणि तात्या?”

“तात्या म्हणाले, खाली बस. आक्का म्हणाल्या, आधी लिवून घ्या, मग बसते.”

“ग्रामसेवकांनी काय लिहिलं?”

“ते अजून लिहितायत,” ती म्हणाली. “मी मागेच उभी आहे.”